स्नेहसंमेलनाचं निवेदन: दोन कार्यक्रमांमधलं बोलणं वाचल्यासारखं वाटू नये म्हणून

पहिली-दुसरीचं कोळीगीत चाललं होतं. उजव्या टोकाच्या मुलाची टोपी पडली. त्यानं पुठ्ठ्याचं वल्हं काखेत मारलं, वाकून टोपी उचलली, उलटीच डोक्यावर घातली आणि पुढच्या पावलाला तो पुन्हा रांगेत हजर! सगळं मैदान हसलं आणि टाळ्या वाजल्या. विंगेत उभी असलेली आमची नववीतली निवेदिकाही तोंडावर हात धरून हसत होती. मग ती माईकपाशी आली, फाइल उघडली आणि वाचू लागली, "आपण पाहिलंत इयत्ता पहिली व दुसरीच्या चिमुकल्यांनी सादर केलेलं अतिशय सुंदर व नेत्रदीपक असं कोळीनृत्य..." दुसऱ्या वाक्यापर्यंत पुढच्या रांगेतले लोक आपापसात बोलायला लागले होते.

मुलीचं काहीच चुकलं नव्हतं. तिचे उच्चार स्वच्छ होते, आवाज चांगला होता. तिच्या हातातला कागद आठ दिवस आधी लिहिलेला होता आणि तो मीच लिहून दिला होता. टोपी पडणार हे त्या कागदाला माहीत असणं शक्य नव्हतं, आणि तिला माहीत असून कागदात त्यासाठी जागा नव्हती. त्या वर्षापासून मी संहिता वेगळ्या पद्धतीनं लिहिते. ती पद्धत इथे एका दुव्यावर सगळी उलगडून दाखवते. दुवा म्हणजे एक कार्यक्रम संपल्यापासून दुसरा सुरू होईपर्यंतचं निवेदन. कोळीगीत संपलंय आणि सातवीचं भारूड सुरू व्हायचंय, तोच दुवा घेऊ.

आधी जुनी संहिता कानांनी तपासा

जुन्या कागदावर हा दुवा असा होता:

"आपण पाहिलंत इयत्ता पहिली व दुसरीच्या चिमुकल्यांनी सादर केलेलं अतिशय सुंदर व नेत्रदीपक असं कोळीनृत्य. महाराष्ट्र ही संतांची भूमी आहे. संत एकनाथ महाराजांनी भारुडांच्या माध्यमातून समाजप्रबोधनाचे महान कार्य केले. तर चला मग, हाच वारसा जपत आपल्यासमोर भारूड सादर करण्यासाठी येत आहेत इयत्ता सातवीचे विद्यार्थी. जोरदार टाळ्यांनी त्यांचे स्वागत करूया!"

हे मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि डोळे मिटून ऐका. आवाज कुठे सपाट होतो ते लगेच कळतं. 'सादर केलेलं अतिशय सुंदर व नेत्रदीपक असं' इथे तो सपाट होतो, कारण मराठीत असं कोणी बोलत नाही. लिहिताना आपण नामाच्या आधी विशेषणांची आणि 'केलेलं', 'असलेलं' यांची गाडी जोडत जातो आणि मुद्द्याची वस्तू शेवटच्या डब्यात ठेवतो. बोलताना उलटं होतं. आधी मुख्य गोष्ट सांगून टाकतो, मग तिच्याबद्दलचं एकेक छोट्या वाक्यात जोडतो. "भारूड आहे. नाथांचं. सातवीची मुलं करणारेत." त्यातच क्रियापदानंतर काहीतरी सुचलं तर तेही मागून येतं, "दोनदा बघून आले मी."

म्हणून 'केले'चं 'केलं' केल्यानं संहिता बोलकी होत नाही. पुष्कळ जण तेवढंच करतात. वाक्याची ठेवण लेखीच राहिली, तर अनुस्वार देऊनही ते वाचनच वाटतं. 'बरं का', 'हं', 'तर मंडळी' हे शब्द पेरूनही काम होत नाही. लिहून ठेवलेलं 'बरं का' प्रत्येक वेळी त्याच सुरात येतं आणि तिसऱ्यांदा आलं की ऐकणाऱ्याला टोचतं. हे शब्द संहितेत लिहूच नका. बोलताना आले तर येऊ द्या.

दुसरी तपासणी याहून सोपी. हाच दुवा उचलून दुसऱ्या कार्यक्रमाआधी ठेवून बघा. 'महाराष्ट्र ही संतांची भूमी आहे' हे वाक्य भारुडाआधी चालतं, दिंडीआधी चालतं, अभंगाआधी चालतं आणि राज्यातल्या कुठल्याही शाळेत चालतं. जे वाक्य कुठेही बसतं ते इथलं नाही. त्यावर काट मारा. आमच्या त्या वर्षीच्या सोळा दुव्यांतून असं काटत गेल्यावर मुलांची नावं, इयत्ता आणि कार्यक्रमांची नावं एवढंच उरलं.

तालमीला वही घेऊन जा

रिकाम्या झालेल्या जागेत भरायचं काय, हे घरी बसून सुचत नाही. सुचलं तर चारोळी सुचते, आणि चारोळी ही तर उघड उघड वाचायचीच वस्तू. साहित्य मिळतं ते तालमीत.

प्रत्येक बसवणाऱ्या शिक्षकांना मी तीनच प्रश्न विचारते. मुलांनी घरून काय आणलं? कुठे अडलं होतं? तालमीत सगळे हसले असं काय झालं? 'या नृत्यातून काय संदेश द्यायचा आहे' हे विचारत नाही, कारण त्याचं उत्तर पुन्हा 'समाजप्रबोधन' असंच येतं.

कोळीगीताच्या बाईंनी सांगितलं, "वल्ही मुलांनीच कापलीत, चपलांच्या खोक्यांच्या पुठ्ठ्याची." सातवीचे सर म्हणाले, "विंचू चावल्याचा आरडाओरडा मधल्या सुट्टीत चालतो. परवा शेजारच्या वर्गातून मुलं धावत आली, खरंच काही चावलं म्हणून." हेच हवं होतं. एकनाथांच्या विंचवाच्या भारुडाची ओळख याहून चांगली होणार नाही आणि ही ओळख दुसऱ्या कुठल्याही शाळेत वापरता येणार नाही.

एका दुव्याला अशी एकच गोष्ट घ्या. तीन मिळाल्या तरी दोन वहीतच राहू द्या, पुढे त्यांचा उपयोग आहे.

दुव्याचे तीन तुकडे

पडदा पडतो तेव्हा प्रेक्षकांचं मन अजून मागच्या कार्यक्रमात असतं. आपली संहिता मात्र पुढच्या कार्यक्रमाच्या घाईत असते. ऐकणारे एकीकडे आणि बोलणारी दुसरीकडे, म्हणून ते बोलणं वाचल्यासारखं वाटतं. त्यामुळे दुव्याचा पहिला तुकडा नेहमी नुकत्याच घडलेल्या गोष्टीचा हवा, आणि तो लिहायचा नाही. कार्डावर तिथे रिकामी चौकट आखायची.

मधला तुकडा तालमीतून मिळालेल्या गोष्टीचा. तो ठरलेला असतो, पण शब्दशः लिहायचा नाही. तीन-चार खुणेचे शब्द पुरतात.

शेवटचा तुकडा मात्र शब्दशः ठरवायचा आणि त्यात ऐन वेळी काडीचाही बदल करायचा नाही. कारण हा तुकडा प्रेक्षकांइतकाच साउंडवाल्यासाठी आणि विंगेतल्या मुलांसाठी असतो. शेवटचे शब्द ऐकून गाणं सुरू व्हायचं असतं, पडदा ओढायचा असतो. निवेदिकेनं उत्साहात शेवटी आणखी एक वाक्य जोडलं की गाणं तिच्या बोलण्यावर चढतं.

या शेवटच्या तुकड्यात इयत्ता आणि कार्यक्रमाचं नाव अगदी शेवटी ठेवा. जुन्या पद्धतीत नाव आधी येतं आणि मग 'जोरदार टाळ्यांनी स्वागत करूया' येतं. नाव शेवटी आलं आणि आवाज तिथे किंचित वर ठेवून थांबला की टाळ्या आपोआप येतात. मागाव्या लागत नाहीत. मागितलेल्या टाळ्या पहिल्या दोन-तीन कार्यक्रमांना मिळतात, नंतर लोकांचे हात जड होतात आणि त्याचा फटका शेवटी येणाऱ्या मुलांना बसतो.

तर नवा दुवा कार्डावर असा दिसला:

```
[            आत्ता काय दिसलं?            ]
(काहीच नाही तर: वल्ही – चपलांची खोकी)

मधली सुट्टी – आरडाओरडा – दोनदा बघून आले
चावलं ते खरं – विंचू – पैठण, ४०० वर्षं

"उतरतो कशानं, ते यांनाच विचारा.
सातवी ब, एकनाथांचं भारूड!"
```

आणि त्यातून पुढच्या वर्षीच्या निवेदिकेनं तालमीत जे बोलून दाखवलं ते जवळजवळ असं होतं: "ही वल्ही बघितलीत? चपलांची खोकी कापून केलीत मुलांनी. आणि तरी होडी बुडाली नाही! ...आता गेले पंधरा दिवस आमच्या मधल्या सुट्टीत रोज कोणीतरी ओरडायचं. जोरात. दोनदा बघून आले मी, काय झालं म्हणून. तर चावलं होतं खरंच. विंचू. पण हा विंचू आजचा नाही, चारशे वर्षांपूर्वीचा आहे. पैठणचा. आता तो उतरतो कशानं, ते यांनाच विचारा. सातवी ब, एकनाथांचं भारूड!"

होडी बुडाली नाही, हे वाक्य कार्डावर नव्हतं. तिला ते बोलता बोलता सुचलं, कारण तिच्या डोळ्यांसमोर वाक्यं नव्हती, फक्त वल्ही आणि खोकी होती.

चारशे वर्षांचा हिशेब बरोबर आहे. एकनाथ सोळाव्या शतकातले, १५९९ मध्ये ते गेले. अशी एखादी माहिती दुव्यात शोभते, पण एकच. भारुडातला विंचू म्हणजे काम-क्रोध आणि त्यावरचा उतारा सत्त्वगुणाचा, हे मात्र निवेदिकेनं सांगायचं नाही. ते सांगायला सातवी ब येतेच आहे. नाटिकेचा शेवट आणि भारुडाचा अर्थ निवेदनात फोडणारे दुवे मी पुष्कळ ऐकले आहेत. माहिती भरायच्या नादात असं होतं.

रिकामी चौकट भरायला शिकवणं

संहिता लिहिण्यापेक्षा जास्त वेळ यातच जातो. चौकट रिकामी ठेवली आणि मुलीला तसंच सोडलं, तर ती 'खूपच छान' म्हणते. सोळा कार्यक्रमांना सोळा वेळा खूपच छान.

म्हणून सरावाचा एक नियम करा, विशेषणाला बंदी. वाक्यात डोळ्यांना दिसलेली एक वस्तू किंवा एक हालचाल आलीच पाहिजे. कवायतीच्या तासाला मैदानाच्या कडेला उभं राहा आणि एक मिनिट बघू द्या. मग विचारा, "काय दिसलं?"

"बाई, सगळे छान करत होते."

"छान म्हणजे कोण? काय करत होतं?"

"शेवटच्या रांगेतला एक जण हात वर करताना दर वेळी टाचा उचलत होता. उंच दिसायला."

हे झालं वाक्य. आठ-दहा दिवस रोज पाच मिनिटं असं केलं की मुलांची नजर तयार होते. मग एक कार्यक्रम चालू असताना निवेदकानं ग्रीनरूममध्ये गप्पा मारत बसायचं नाही, विंगेत उभं राहून तो बघायचा आणि पेन्सिलीनं चौकटीत दोन शब्द लिहायचे. मी कार्डाला दोऱ्यानं पेन्सिल बांधूनच देते.

काय बोलायचं नाही, हेही आधी सांगायला हवं. टोपी पडलेली सांगायची नाही, सावरलेली सांगायची. रडलेलं, विसरलेलं, घसरलेलं, कपड्याचं काही सुटलेलं यावर अक्षर काढायचं नाही, प्रेक्षक कितीही हसले असले तरी. त्या मुलाची आई दुसऱ्या रांगेत बसली आहे आणि ती ऐकते आहे असं धरून चालायचं. बहुतेक वेळा ती खरंच बसलेली असते. मुलाचं नाव घ्यायचं तर फक्त कौतुकासाठी, आणि एकट्याचं नाव शक्यतो नकोच, कारण मग त्या रांगेतली बाकीची अकरा मुलं मागे राहतात.

नाटिका किंवा एखादं गाणं गंभीर असेल तर चौकटीत बोलायचंच नाही. शेतकऱ्याच्या आत्महत्येवरची नाटिका संपल्यावर 'वा, काय अभिनय केला' हे कानाला लागतं. तिथे पाच सेकंद गप्प उभं राहायचं आणि हळू आवाजात सरळ मधल्या तुकड्यावर यायचं. कार्डावर त्या चौकटीत मी 'थांब' एवढंच लिहिते.

कार्डं, हात आणि माईक

ए-फोर कागद आणि प्लास्टिकची फाइल नको. कागद माईकजवळ सळसळतो आणि फाइल उघडली की डोळे खाली जातात ते खालीच राहतात. जुन्या वहीच्या पुठ्ठ्याची पोस्टकार्डाएवढी कार्डं कापा, एका दुव्याला एक कार्ड. वर डाव्या कोपऱ्यात मोठा क्रमांक. कोपऱ्यांना भोक पाडून ती दोऱ्यात ओवू मात्र नका. ऐन वेळी कार्यक्रमांचा क्रम बदलतोच, तेव्हा कार्डं सुटी असली की मधलं काढून पुढे घेता येतं. क्रम बदलला तरी दुवा मोडत नाही, कारण पहिला तुकडा चौकटीचा आहे. आमच्या जुन्या संहितेत 'कोळीनृत्यानंतर आता' असं छापलेलं असायचं. एकदा दुसरीतल्या मुलांची गाडी उशिरा आली, लेझीम आधी घ्यावं लागलं आणि निवेदिकेनं न झालेल्या कोळीनृत्याचं कौतुक वाचलं.

कार्डाकडे बघायला हरकत नाही. बघत बघत बोलायला हरकत आहे. खाली बघायचं, शब्द उचलायचे, मान वर करायची आणि मग तोंड उघडायचं. मधला तो क्षणभराचा थांबा बोलणाऱ्याला फार लांब वाटतो, पण ऐकणाऱ्याला विचार करून बोलल्यासारखा वाटतो.

टाळ्या पूर्ण थांबेपर्यंत वाट बघू नका. टाळ्या उतरू लागल्या, मुलं अजून रंगमंचावरून जाताहेत, तेव्हाच चौकटीतलं वाक्य आलं पाहिजे. पूर्ण शांतता झाल्यावर आलं तर ते भाषण वाटतं. माईक तोंडापासून चार बोटं. त्यात फुंकायचं नाही, 'हॅलो हॅलो' नाही.

दोन निवेदक असतील तर

एक मुलगा, एक मुलगी आणि दोघांचा संवाद, ही आता बहुतेक शाळांची रीत आहे. "अगं, तुला माहीत आहे का, आता कोण येणार आहे?" "नाही रे, सांग ना!" हा भाग सगळ्यात जास्त पाठ केल्यासारखा वाटतो, कारण तिला माहीत आहे हे सगळ्या मैदानाला माहीत असतं. हे संवाद मी काढून टाकले. दोघांनी एकाआड एक अख्खा दुवा घ्यायचा. जो बोलत नाही त्यानं बोलणाऱ्याकडे बघायचं आणि खरंच ऐकायचं. मध्ये एखादा खरा प्रश्न पडला तर विचारायचा, "पण ओरडत कोण होतं?" एवढाच संवाद पुरतो.

मुलांच्या घरच्या बोलीला हात लावू नका. वऱ्हाडातल्या किंवा कोकणातल्या मुलीला पुण्याच्या सुरात बोलायला लावलं की तिचं लक्ष सगळं उच्चारात जातं, मग चौकट भरणार कोण? नावं आणि आकडे तेवढे स्पष्ट हवेत.

वेळ लांबली तर

भारुडाच्या ढोलकीचा माईक लागत नाही, वैदूची दाढी चिकटत नाही, असं एकदा तरी होतं. वहीत राहिलेल्या गोष्टी इथे कामाला येतात. प्रत्येक कार्डाच्या मागे त्यातल्या एक-दोन लिहून ठेवा. विंगेतल्या शिक्षकांशी खूण ठरवा. आमची अशी आहे की उघडा पंजा म्हणजे 'अजून बोल' आणि मूठ म्हणजे 'शेवटचं वाक्य घे'. लांबवायचं ते मधल्या तुकड्यात. शेवटचं वाक्य बोलून झाल्यावर लांबवता येत नाही, म्हणून मूठ दिसेपर्यंत ते बोलायचं नाही.

प्रेक्षकांना प्रश्न विचारायचा असेल तर एका शब्दात उत्तर येईल असा विचारा. "लहानपणी भारूड कोणी बघितलंय, हात वर!" हे चालतं. "भारुडाबद्दल तुम्हाला काय वाटतं?" यावर मैदान गप्प होतं आणि मुलगी गांगरते.

गावाकडे आणखी एक गोष्ट असते. कार्यक्रम रंगला की चिठ्ठ्या येऊ लागतात, अमक्यांकडून १०१ रुपये, तमक्यांकडून ५०१. मध्येच कोणाची तरी मोटारसायकल वाटेत उभी आहे म्हणून नंबर येतो. या चिठ्ठ्या दुव्यात घुसल्या की दुवा फाटतो. देणाऱ्यांचा मान तर राखायचाच आहे. त्यामुळे एका शिक्षकांनी त्या गोळा कराव्यात आणि दर तीन कार्यक्रमांनी त्यांनीच, दुसऱ्या माईकवरून, सगळ्या एकदम वाचाव्यात. तेवढ्या वेळात निवेदकालाही पाणी पिता येतं.

जे वाचायचं ते वाचाच

पाहुण्यांचा परिचय, त्यांची पदं, देणगीदारांची नावं, बक्षिसांची यादी आणि वर्षभरात गेलेल्यांना श्रद्धांजली हे सगळं पूर्ण वाक्यांत लिहा आणि उघडपणे कागद हातात धरून वाचा. इथे उत्स्फूर्तपणा दाखवायला गेलं की नाव चुकतं. नावं मोठ्या अक्षरात, एका ओळीवर एकच, आणि आडनाव कसं उच्चारायचं ते त्या व्यक्तीच्या घरच्या माणसाला आधी विचारून. हा भाग स्पष्टपणे वाचनाचा ठेवला की बाकीचं बोलणं आणखी मोकळं वाटतं, हे मला पुढे लक्षात आलं.

रंगीत तालमीच्या दिवशी एकदा कार्डं गोळा करून पिसा आणि उलट्यासुलट्या क्रमानं निवेदकाला द्या. जिथे तो अडखळेल तिथे मधला तुकडा अजून पाठांतराचा आहे. त्या कार्डावरचे शब्द खोडा, निम्मेच ठेवा आणि तीच गोष्ट त्याला त्याच्या मित्राला सांगायला लावा.

शेवटचं कार्ड पसायदानाचं. त्यावर चौकट नाही, गोष्ट नाही, एकच ओळ आहे: "सगळ्यांनी उभं राहूया." ती बोलून माईक पेटीपाशी ठेवायचा आणि आपणही गायला उभं राहायचं.